स्थिर आकार दोन महिन्यांचा, स्लॅब एकाच महिन्याचा?

(सांगलीत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

विश्रामबागेतल्या एका काकूंनी मला वीजबिलाचा फोटो पाठवला होता. घडी बरोबर रीडिंगवर, वरून दिव्याचा झोत, आणि तारखांचा कोपरा अंगठ्याखाली! हसू नका, तुमच्यापैकी निम्म्यांचे फोटो असेच येतात. तारखा नसतील तर बिल तपासताच येत नाही. मागच्या आणि चालू रीडिंगच्या तारखा दिसल्याच पाहिजेत.

काकू आणि काका दोघंही नोकरीवाले, मीटर आतल्या व्हरांड्यात. एका महिन्यात दाराला कुलूप दिसलं, म्हणून सरासरीचं बिल आलं. पुढच्या महिन्यात खरं रीडिंग झालं. काकूंची तक्रार एकच, ‘स्थिर आकार दुप्पट कसा लावला हो?’ मी म्हटलं, काकू, तो बरोबर आहे. स्थिर आकार महिन्याचा असतो, युनिट किती जळाले याच्याशी त्याचा संबंध नाही. बिल दोन महिन्यांचं धरलं, तर तो दोनदा लागणारच. पण मग स्लॅबही दोन महिन्यांचे धरायला हवेत ना? तिथंच गफलत होती.

फोटोत चालू रीडिंगचा एक आकडा पुसट होता, ३ की ८ कळेना. मागचं रीडिंग ४२१०, वापर ४२० युनिट. बेरीज केली की ४६३० येतात, म्हणजे तो ३ च. पुसट आकडा असा पडताळायचा, अंदाजानं वाचायचा नाही.

आता हिशोब. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून सोपे आकडे धरतो: पहिल्या १०० युनिटला ५ रुपये, १०१ ते ३०० ला १२, त्यापुढं १६. एकाच महिन्याचे स्लॅब लावले तर ५०० अधिक २४०० अधिक १९२०, म्हणजे ४८२० रुपये. दोन महिन्यांचे लावले, तर पहिला स्लॅब २०० युनिटांचा होतो. त्याचे १०००, उरलेल्या २२० चे २६४०, एकूण ३६४०. फरक ११८० रुपयांचा! शिवाय घरगुती बिलावर १६ टक्के वीज शुल्क, म्हणजे आणखी १८८ रुपये ८० पैसे. सरासरीपोटी आधी भरलेले पैसे दोन्ही हिशोबांतून सारखेच वजा होतात, म्हणून ते इथं धरले नाहीत.

संयोजकांची चिठ्ठी आली, आवरतं घेतो. दोन तारखांमधले महिने मोजा. तेवढ्यानं स्लॅबची मर्यादा गुणा. स्थिर आकार सिंगल फेज की थ्री फेज हे पाहून तेवढ्याच महिन्यांचा लागलाय का बघा. इंधन समायोजन आकार महिन्याला बदलतो, त्यामुळे तो मागच्या बिलाशी जुळला नाही तर चूक समजू नका. आणि मागची थकबाकी चालू बिलात मिसळून स्लॅब तपासू नका. तक्रार लेखी द्या, सोबत दोन्ही बिलं आणि मीटरचा स्वतः काढलेला फोटो. अर्जात लिहा, ‘स्लॅबचा लाभ दोन महिन्यांत विभागून द्यावा.’