ओला माल कुठं जातो?

नमस्कार श्रोतेहो. मी सांगलीत घरी बसून डिझाइनचं काम करतो. लग्नपत्रिका करतो, दुकानांच्या पाट्या करतो, आणि गेली काही वर्षं कारखान्यांसाठी, गोदामांसाठी प्रक्रियेच्या आकृत्याही काढतो. कच्चा माल येतो तिथपासून पक्का माल बाहेर पडेपर्यंत काय काय होतं, ते चौकटी आणि बाण काढून एका बोर्डावर दाखवायचं. आज मला बोलायचंय ते आकृतीबद्दल कमी, आणि ती काढायच्या आधी गिऱ्हाइकाला जो ईमेल लिहावा लागतो त्याबद्दल जास्त. तो ईमेल लिहायला मी कसा शिकलो, तेवढं आधी सांगतो.

तासगाव भागात एक बेदाण्याचं शेड आहे. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांचा एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप आला. मागं ट्रॅक्टर चालू, कुणीतरी हाका मारतंय, आणि त्यातून अण्णा सांगतायत, "आपल्या बेदाण्याचा बोर्ड करा. रॅकवरनं पेटीत माल कसा जातो ते सगळं दाखवा. सहा बाय चार. सोमवारी मोठा खरेदीदार येणार हाय." संपला निरोप. (हे आवाजी निरोप ज्यानं काढले त्याला एकदा माझ्या टेबलाशी बसवावं असं मला फार वाटतं. लिहिलेलं एका नजरेत सापडतं, बोललेलं शोधायला सगळं पहिल्यापासून ऐकावं लागतं.)

बेदाणा तुमच्याआमच्या सगळ्यांच्या घरात आहे, शिऱ्यात पडतो, मुलांच्या डब्यात जातो. मला वाटलं, यात विचारायचं काय? फोनवर जुजबी माहिती घेतली आणि कामाला लागलो. माल रॅकवरनं उतरवला, मळणी झाली, काड्या निघाल्या, माल धुतला, वाळवला, प्रतवारी झाली, पंधरा किलोच्या पेटीत भरला, पेट्या कोल्ड स्टोरेजला गेल्या. चौकटी एका ओळीत, बाण डावीकडून उजवीकडं. मध्ये एक शंकरपाळा काढला. आकृतीत काम दाखवायला चौकट असते आणि निर्णय दाखवायला शंकरपाळा. त्यात लिहिलं, 'माल कोरडा आहे का?' त्यातून एक बाण काढला, 'होय', तो गेला थेट पेटीत. दिसायला छान झालं होतं. रविवारी फ्लेक्स छापून घेतला आणि संध्याकाळी शेडवर भिंतीला लावायला गेलो.

खाली प्रतवारीच्या टेबलाशी सात-आठ बायका बसल्या होत्या. त्यातल्या एक मावशी उठल्या, पदराला हात पुसले, बोर्डासमोर येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, कौतुक करतील. मावशींनी बोट ठेवलं ते बरोबर शंकरपाळ्यावर.

"ह्यो बाण हितनं कुठं चालला?"

"पेटीत, मावशी. माल कोरडा असला की पेटीत."

"आन वला असला तर?"

मी गप्प. मावशी म्हणाल्या, "परवाच दोन क्रेट परत रॅकवर चढवल्या की आमी. वला माल पेटीत भरला तर गड्डा हुतोय, बुरशी धरतीया. त्यो कुठं दावलाय तुमी?"

आणि मग त्यांनी मला दाखवलं. टेबलावरचा मूठभर बेदाणा घेतला, मूठ घट्ट दाबली, उघडली. बेदाणा दाणा-दाणा सुटा पडला. दुसऱ्या क्रेटमधला घेतला, दाबला, उघडला, तो हातात लाडवासारखा राहिला. "ह्यो वला," म्हणाल्या. एवढं सोपं. आणि माझ्या सहा बाय चारच्या बोर्डावर त्या लाडवाला जायला जागाच नव्हती.

अण्णा आले. बोर्ड बघितला, मावशींचं ऐकलं, हसले आणि म्हणाले, "असू द्या हो, कोण बघतंय एवढं." सोमवारी खरेदीदार आला, त्याच्याबरोबर एक पोरगेला माणूस होता, हातात वही. त्यानं बोर्ड पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "किती टक्के ओलावा असला की तुम्ही माल अडवता? आणि अडवलेला माल कुठं जातो?" म्हणजे मावशी आणि तो, दोघांनी एकाच जागी बोट ठेवलं. मावशींचं माप मुठीचं होतं, त्याचं मीटरचं. अण्णांनी सांगितलं, पंधरा-सोळा टक्क्यांच्या वर माल भरत नाही, परत रॅकवर जातो. अण्णांना हे सगळं पाठ होतं. त्यांनी मला सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. आणि ते सांगणार तरी कसे? रोज जे करतो ते सांगण्यासारखं आहे असं माणसाला वाटतच नाही. घरी पाहुण्यांना कुणी सांगतं का, की दूध उतू जायला लागलं की आम्ही गॅस बारीक करतो?

फ्लेक्स परत छापला, माझ्या खिशातून. आता सांगलीत फ्लेक्स काय, वाढदिवसाचे इतके लागतात की गावात झाड दिसेना झालंय. पण स्वतःच्या चुकीचा फ्लेक्स गुंडाळून घरी आणताना तो जड लागतो.

तर मुद्दा हा. शंकरपाळ्यातून दोन बाण निघाले पाहिजेत. परत सांगतो, दोन बाण. एक 'होय'चा, एक 'नाही'चा. 'होय' गिऱ्हाईक स्वतःहून सांगतं. 'नाही' आपण विचारायचा असतो.

त्यानंतर अण्णांनी दुसरा बोर्ड सांगितला, या वेळी द्राक्षापासून रॅकपर्यंतचा. या वेळी संगणकाला हात लावायच्या आधी मी ईमेल लिहिला. तो वाचून दाखवतो. विषयाच्या ओळीत लिहिलं होतं, 'द्राक्ष ते रॅक बोर्ड: पाच गोष्टी, गुरुवारपर्यंत'. 'चौकशी' किंवा 'माहिती हवी' असा विषय कुणी उघडत नाही. पुढं असं लिहिलं:

'अण्णा, नमस्कार. बोर्डाचं काम हाती घेतलंय. मला समजलं ते आधी लिहितो, चुकलं असेल तिथं दुरुस्त करा. द्राक्ष तोडून शेडवर येतात, साखर मोजली जाते, घड डिपिंगच्या पाण्यात बुडवले जातात, रॅकच्या जाळीवर पसरले जातात, साधारण पंधरा दिवसांत वाळतात. आता पाच गोष्टी.

पहिली. साखर २२ ब्रिक्सच्या खाली निघाली तर ती द्राक्ष कुठं जातात? परत पाठवता, वेगळी वाळवता, की बाजारात काढता?

दुसरी. डिपिंगला लिटरमागे २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल, हेच प्रमाण तुमच्याकडं आहे का? आणि हा आकडा बोर्डावर छापायचा, की 'डिपिंग' एवढंच लिहायचं? खरेदीदाराला आकडा लागेल, पण प्रमाण हे तुमचं घरचं गुपित असेल तर मी काढून टाकतो.

तिसरी. रॅकवर माल असताना आभाळ आलं किंवा अवकाळी पाऊस झाला तर काय करता, आणि ते कोण ठरवतं?

चौथी. बोर्ड नव्या कामगारांनी वाचायचा की पाहुण्यांनी? कामगारांसाठी असेल तर शब्द कमी आणि चित्रं मोठी काढेन.

पाचवी. शेवटचा शब्द कुणाचा? मागच्या वेळी गंधकाची धुरी प्रतवारीच्या आधी की नंतर यावर तुमचं आणि सुपरवायझरचं उत्तर वेगळं आलं होतं. या वेळी दोघांनी मिळून एकच उत्तर द्या.

गुरुवारपर्यंत उत्तर आलं तर सोमवारी पेन्सिलचा कच्चा नमुना देतो. ज्याचं उत्तर येणार नाही तिथं मी कच्च्या नमुन्यात प्रश्नचिन्ह ठेवीन, स्वतःच्या मनानं भरणार नाही. प्रश्नचिन्ह असलेला बोर्ड छपाईला जाणार नाही. आपला.'

संपला ईमेल. एवढाच. यात बघा, मी अण्णांना 'तुमची प्रक्रिया सविस्तर कळवा' असं लिहिलं नाही. तसं लिहिलं की माणूस ते रविवारवर ढकलतो आणि रविवार काही उजाडत नाही. मला समजलं ते आधी लिहिलं, चुकीचं असेल तर चुकीचं. माणसाला कोरा कागद भरायचा कंटाळा असतो, पण दुसऱ्याची चूक दुरुस्त करायला तो जेवणावरनं उठतो. आणि पाच प्रश्नांतले दोन, पहिला आणि तिसरा, 'नाही'च्या बाणाचे आहेत. पावसाचा प्रश्न मी मुद्दाम घातला. द्राक्षाचा हंगाम आणि अवकाळीचं सावट यांची आपल्याकडं गाठ ठरलेलीच, तो बाण नसलेला बोर्ड फक्त कोरड्या वर्षी खरा.

जाता जाता एक सांगू? कामाच्या अशा आकृत्या काढण्याची रीत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन नवरा-बायकोनं १९२१ साली तिथल्या इंजिनिअरांच्या सभेत मांडली. आणि फ्रँक गिलब्रेथ सुरुवातीला गवंडीकाम करायचा. विटा रचता रचता हात किती वेळा उगीच खाली वाकतो ते त्यानं आधी बघितलं, कागद नंतर आला. आपल्याकडं उलटं आहे. कागदावर सही आधी होते, शेड बघायला कुणी जातच नाही. असो, विषय भलतीकडं चालला.

ईमेलची एक मर्यादा मात्र सांगितली पाहिजे. अण्णांसारखी माणसं ईमेल वाचतात, पण उत्तर लिहीत नाहीत. बुधवारी रात्री उत्तर आलं ते परत आवाजी निरोपातच. चार मिनिटांचा. मी तो दोनदा ऐकला, लिहून काढला, आणि तोच मजकूर अण्णांना ईमेलनं परत पाठवला, 'तुम्ही हे म्हणालात, बरोबर ना?' असं विचारून. हे करायला आळस करायचा नाही. बोललेलं लिहून परत पाठवायचं, कारण महिन्यानंतर 'मी असं म्हणालोच नव्हतो' हे वाक्य येतं आणि तेव्हा आपल्याकडं ट्रॅक्टरचा आवाज तेवढा असतो.

त्या चार मिनिटांत मला माहीत नसलेलं एक निघालं. बावीसच्या खालची द्राक्ष अण्णा परत पाठवत नाहीत, वेगळ्या रॅकवर टाकतात, कारण वजन कमी भरतं आणि चांगल्या मालात मिसळली तर सगळ्या लॉटचा भाव पडतो. चांगला चार किलो माल वाळला की किलोभर बेदाणा होतो, कमी साखरेचा तेवढाही होत नाही. म्हणजे माझ्या आकृतीत एक रॅक नाही, दोन हवे होते. हे मी कितीही विचार केला असता तरी मला सुचलं नसतं.

शुक्रवारी सकाळी दुसरं उत्तर आलं, या वेळी लिहिलेलं, दोन ओळी: 'सगळं बरोबर. मावशी म्हणतात, परत जाणारा बाण लाल करा, लांबनं दिसत नाही.'

नमस्कार.