बँकेत 48 लाख होते, तरी ऑक्टोबरचा पगार अडकला

नमस्कार मंडळी. संभाजीनगर, जालना, लातूर, नांदेड, सगळीकडनं पोरं आलीत, बरं वाटलं. विषय दिलाय बर्न रेट आणि रनवेचा. व्याख्या तुम्हाला पाठच असतील. महिन्याला एकूण जेवढा पैसा बाहेर जातो तो ग्रॉस बर्न, त्यातनं आलेला पैसा वजा केला की नेट बर्न, आणि बँकेतल्या शिलकीला नेट बर्ननं भागलं की रनवे, म्हणजे किती महिने कंपनी तगेल ते. मला त्या भागाकारावरच बोलायचंय, कारण हिशोब लिहायचं काम करताना मी हाच आकडा सगळ्यात जास्त वेळा चुकलेला बघतो, आणि तो चुकतो ते पण अशा कंपन्यांचा ज्यांचं चांगलं चाललंय. शेवटी कागद कसा मांडायचा तेही दाखवतो.

लातूरची दोन पोरं आहेत, नाव सांगत नाही. गोदामातल्या पोत्यांच्या थप्पीत खुपसायचं यंत्र बनवतात, आतली ओल आणि गरमी मोजून मोबाईलवर कळवतं. आपल्याकडं सोयाबीनचं महत्त्व मी सांगायला नको, हमीभावाच्या खरेदीला 12 टक्के ओलीची अट असते आणि तेवढ्यावरनं काट्यावर किती भांडणं होतात ते तुम्ही बघितलेलंच आहे. यंत्र खरंच चांगलंय.

तर 1 जुलैला यांच्या बँकेत 48 लाख होते. खर्च महिन्याला 8 लाख, त्यात 6 लाख पगार, भाडं, प्रवास वगैरे ठरलेला आणि 2 लाखाचे पार्ट. मागच्या तीन महिन्यांत 6 लाख आले म्हणजे महिन्याला 2. नेट बर्न 6. आठे सक अठ्ठेचाळीस, आठ महिने, फेब्रुवारी अखेरपर्यंत निवांत. पोरं म्हणली, सर, दिवाळीनंतर गुंतवणूकदार शोधायला लागू.

मी म्हणलं आधी पासबुक दाखवा. जायकवाडीचा आकडा आपण पेपरात कसा वाचतो? धरण 102 टीएमसीचं, पण त्यातलं 26 टीएमसी मृत साठा, म्हणून आपण विचारतो जिवंत साठा किती. बँकेच्या शिलकीला पण तेच विचारायचं असतं. या 48 मध्ये 3 लाख सरकारचे होते. जूनच्या बिलांवर गोळा केलेला जीएसटी, तो 20 जुलैपर्यंत भरायचा. पगारातनं कापलेला टीडीएस 7 तारखेला, पीएफ 15 तारखेला. खात्यात दिसतात, पण तुमचे नाहीत. म्हणजे राहिले 45.

मग ते आलेले 6 लाख बघितले. त्यातले 5 एका डीलरनं हंगामाआधी एकदाच दिलेले, माल पण जूनमध्येच जुन्या स्टॉकमधनं गेलेला. तो डीलर आता पुढच्या वर्षी तोंड दाखवणार. म्हणजे नेहमीचं येणं महिन्याला 30-35 हजार, आणि सरासरी सांगायलीय 2 लाख. तीन महिन्यांची सरासरी काढा असं सगळीकडं शिकवतात, पण ज्याचा धंदा खरिपावर चालतो त्याला तीन महिन्यांची सरासरी काहीच सांगत नाही. सोयाबीन सप्टेंबरअखेर काढायला येतं, गोदामं तेव्हा भरतात, तुमचं गिऱ्हाईक वर्षातनं दोन महिने खरेदीला उठतं.

आणि आता ऑर्डर आली. आनंदाची गोष्ट! एका मोठ्या कंपनीची, तिची गोदामं राज्यभर, 250 यंत्रं पाहिजेत, सप्टेंबरअखेर पोचली पाहिजेत. एकाची किंमत 16 हजार, म्हणजे 40 लाख, वर 18 टक्के जीएसटी 7 लाख 20 हजार, एकूण बिल 47 लाख 20 हजार. पोरांनी पेढे वाटले. मी पेढा खाल्ला आणि म्हणलं आता बसा, महिन्यामहिन्यानं जाऊ.

एका यंत्राला 8 हजाराचे पार्ट, 250 ला 20 लाख, त्यावर जीएसटी धरून 23 लाख 60 हजार. सेन्सर विकणारा नव्या कंपनीला उधार देत नाही, अर्धे ऑर्डर देताना आणि अर्धे माल उचलताना. जुलैत 48 मधनं सरकारचे 3 गेले, ठरलेला खर्च 6 गेला, पार्टचा पहिला हप्ता 11 लाख 80 हजार गेला, उरले 27 लाख 20 हजार. ऑगस्टमध्ये परत 6 आणि परत 11 लाख 80 हजार, उरले 9 लाख 40 हजार. सप्टेंबरला पगार-भाडं 6, उरले 3 लाख 40 हजार. 28 सप्टेंबरला गाडी भरून गेली, बिल फाडलं. ते महिन्याचे 30-35 हजार मी धरलेच नाहीत, त्यानं काही फरक पडत नाही.

आता ऑक्टोबर. बिल सप्टेंबरचं, म्हणजे त्याचा जीएसटी 20 ऑक्टोबरच्या आत भरायचा, समोरच्यानं पैसे दिले का नाही दिले याच्याशी सरकारला घेणंदेणं नाही. 7 लाख 20 हजारातनं पार्टवर भरलेला 3 लाख 60 हजार वजा होतो, राहिले 3 लाख 60 हजार, ते खिशातनं. अधिक 6 लाखाचा ठरलेला खर्च. पाहिजेत 9 लाख 60 हजार, आहेत 3 लाख 40 हजार. फेब्रुवारीपर्यंत पुरणारा पैसा ऑक्टोबरात संपला, आणि दिवाळीचा बोनस तर मी अजून काढलाच नाही.

आणि हे बघा, हेच तीन महिने हिशोबाच्या वहीत कसे दिसतात. विक्री 40, पार्ट 20, खर्च 18, नफा 2 लाख! कंपनीचा पहिला नफा. त्याच तिमाहीत बँकेतनं 44 लाख 60 हजार गेले. दोन्ही आकडे खरे आहेत. वाढायला लागलेली कंपनी अशी अडकते, कारण माल आधी घ्यावा लागतो आणि पैसा नंतर येतो, जेवढी ऑर्डर मोठी तेवढा मधला खड्डा मोठा.

पैसा नंतर म्हणजे कधी, ते सांगतो, आणि हे सांगताना मला राग येतो, आवाज चढला तर समजून घ्या. पीओवर, म्हणजे कंपनीनं दिलेल्या खरेदीच्या ऑर्डरच्या कागदावर, लिहिलेलं होतं 60 दिवस. पोरांनी 28 सप्टेंबरपासनं मोजलं, नोव्हेंबरअखेर येतील. पण कंपनी दिवस मोजते जीआरएन पडल्यापासनं, म्हणजे त्यांच्या स्टोअरनं माल मिळाल्याची नोंद केली तिथनं. हंगाम सुरू, गोदामात पाय ठेवायला जागा नाही, यंत्रांची खोकी तीन आठवडे कोपऱ्यात पडून. तपासणीची सही करणारे साहेब दौऱ्यावर. जीआरएन पडला 20 ऑक्टोबरच्या आसपास. मग अकाउंटवाल्यांनी पीओ, जीआरएन आणि बिल तिन्ही जुळवले तर एका ओळीत पीओचा नंबर चुकलेला, बिल परत, नवीन आणा. नवीन दिलं तर 25 तारीख उलटली होती, त्यानंतरची बिलं पुढच्या महिन्यात धरतात. फोन केला की एकच उत्तर, फॉलोअप करत राहा. अरे फॉलोअप काय करत राहा! तुमच्या गोदामात यंत्र चालू आहे, त्याचे आकडे तुम्ही रोज बघायलात, आणि ज्यानं बनवलं त्याचा पगार थांबलाय! ज्या पोरानं त्या यंत्राचं सगळं प्रोग्रामिंग केलं तो दोन पगार लांबल्यावर पुण्याला निघून गेला, त्याच्या घरी पण हप्ते होते, त्याला दोष कसा द्यायचा. एकाच्या वडलांनी सोनं गहाण ठेवून बाकीच्यांचा ऑक्टोबरचा पगार केला. पैसे आले जानेवारीच्या मध्यावर, एक रुपया व्याज नाही.

कायदा आहे बरं का. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला 2006 च्या एमएसएमई कायद्यानं जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, लेखी करार नसला तर 15. पीओवर 60 लिहिलं म्हणून 45 चे 60 होत नाहीत. आणि माल पोचल्यापासनं 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर पोचल्याच्या दिवशीच स्वीकारला असं कायदा धरतो, जीआरएन कधी पाडला हा त्यांचा घरचा प्रश्न. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज. 2024 पासनं तर अशी थकवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही, म्हणून मार्चमध्ये बऱ्याच कंपन्यांना अचानक आपली आठवण येते. तरी तक्रार कोण करतं? पुढची ऑर्डर जाईल म्हणून सगळे गप. आणि खरं सांगायचं तर 45 दिवस पाळले असते तरी पैसे आले असते नोव्हेंबरच्या मध्यावर. ऑक्टोबर तसाही बुडालेलाच होता, तो जुलैतच वाचवायला पाहिजे होता.

चिठ्ठी आली, दहाच मिनिटं राहिलीत, आणि कागद कसा मांडायचा ते तर राहिलंच. पटपट सांगतो, लिहून घ्या.

महिन्याचा नाही, आठवड्याचा तक्ता करा, पुढच्या 13 आठवड्यांचा. वर सुरुवातीची शिल्लक, सरकारचे पैसे वजा करून. खाली जाणारे पैसे ज्या तारखेला जाणार त्या आठवड्यात, 7, 15, 20 तारखा लाल पेननं. येणारे पैसे बिलावरच्या तारखेला लिहायचे नाहीत, त्या गिऱ्हाइकानं मागच्या वेळी खरंच किती दिवसांनी दिले तेवढे मोजून लिहायचे, नवीन गिऱ्हाईक असलं तर 120 दिवस धरा. प्रत्येक आठवड्याची शेवटची शिल्लक काढा आणि ती पहिल्यांदा कुठं शून्याखाली जाते ते बघा. तो आठवडा म्हणजे तुमचा रनवे. पुढं परत वर आली तरी उपयोग नाही, पगार त्या आठवड्यात द्यायचाय. दर सोमवारी एक आठवडा पुढं सरकवा आणि मागच्या सोमवारी लिहिलेलं किती चुकलं तेही बघा.

या पोरांनी असा तक्ता जुलैत, ऑक्टोबरअखेरपर्यंत लांबवून, केला असता तर पीओ घेतानाच 30 टक्के ऍडव्हान्स मागितला असता. 47 लाख 20 हजाराचे 30 टक्के, 14 लाख 16 हजार. मग ऑक्टोबरअखेर 8 लाख हातात, नोव्हेंबरअखेर 2. डिसेंबर तरीही जात नाही, म्हणून ऍडव्हान्स एकटा पुरत नाही, निम्मी यंत्रं ऑगस्टमध्येच पोचवून वेगळं बिल फाडायचं, म्हणजे घड्याळ महिनाभर आधी सुरू होतं. माल पोचला की त्याच आठवड्यात माणूस पाठवून जीआरएन पाडून घ्यायचा आणि पीओचा नंबर बिल पाठवायच्या आधी दोघांनी तपासायचा. ट्रेड्स म्हणजे छोट्या पुरवठादाराची बिलं विकून पैसे उचलायची ऑनलाइन सोय, खरेदीदार त्यावर असेल तर त्यानं मंजूर केलेलं बिल तिथं डिस्काउंट करून काही दिवसांत पैसे मिळतात, पण मंजुरी त्याचीच लागते, म्हणजे परत जीआरएनपाशीच आलो.

मागनं कुणीतरी विचारायलंय, बँकेची कॅश क्रेडिट लिमिट घेतली तर? म्हणजे बँकेनं ठरवून दिलेल्या रकमेपर्यंत लागेल तसं उचलायचं कर्ज. घ्या, पण अर्ज जुलैत करा. कागदपत्रं, ताळेबंद, तारण या सगळ्यात दोन-तीन महिने सहज जातात, आणि खातं रिकामं झाल्यावर गेलात तर मॅनेजर त्या रिकाम्या खात्याकडंच बघतो. दुसरं म्हणजे लिमिट कितीची मंजूर झाली यावर जाऊ नका, त्यातलं उचलता किती येतं ते दर महिन्याच्या स्टॉक आणि येण्याच्या स्टेटमेंटवर ठरतं. 90 दिवसांपेक्षा जुनं येणं बहुतेक बँका त्यात धरतच नाहीत. म्हणजे 28 सप्टेंबरचं ते 47 लाखाचं बिल डिसेंबरअखेर त्या हिशोबातनं बाहेर, आणि पैसे तर जानेवारीत आले. तेवढे दोन-तीन आठवडे तक्त्यात लिमिटचा आकडा शून्य धरून चला.