खाणीच्या तळाशी वजन किती भरते?

मित्रहो, डोंगर आणि खाणी या दोन्ही गोष्टी गोव्यात आपल्या ओळखीच्या आहेत, म्हणून प्रश्न त्यांच्याच आधाराने मांडतो. समुद्रकिनाऱ्यावर साठ किलो भरणारा माणूस सत्तरीतल्या सोसोगडाच्या उंचीइतका, म्हणजे ढोबळमानाने एक किलोमीटर वर गेला आणि पुन्हा तितकाच जमिनीखाली उतरला, तर त्याचे वजन कोठे अधिक घटेल? येथे बाजारातली तागडी उपयोगाची नाही, कारण दुसऱ्या पारड्यातले मापही तितकेच हलके होते. स्प्रिंगचा काटाच हवा.

पृथ्वी सर्वत्र सारख्या घनतेचा भरीव गोल आहे, असे प्रथम मानू. अशा गोलाबाहेर, सगळे वस्तुमान केंद्रातच एकवटले असावे तशी ओढ असते आणि ती अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. त्रिज्या ६,३७१ किलोमीटर आहे. एक किलोमीटर वर गेल्यास अंतर ६,३७१ पैकी एका भागाने वाढते आणि ओढ दोन भागांनी घटते. साठ किलोंत ही घट सुमारे १९ ग्रॅम भरते (डोंगराची स्वतःची ओढ तूर्त सोडून देऊ).

खाली उतरल्यावर मात्र डोक्यावरच्या थराचे कवच आपल्याला कोणत्याच बाजूला ओढत नाही. आपल्यापासून विरुद्ध दिशांना दोन सारखे निमुळते शंकू काढले, तर दूरच्या शंकूत कवचाचा जो तुकडा सापडतो, त्याचे वस्तुमान अंतराच्या वर्गाने मोठे असते आणि त्याची ओढ त्याच वर्गाने क्षीण असते, त्यामुळे दोन्ही ओढी एकमेकींना पुसून टाकतात. उरतो तो पायाखालचा गोल. त्याचे वस्तुमान तीन भागांनी कमी झाले, पण केंद्र जवळ आल्याने ओढ दोन भागांनी वाढली. म्हणून घट एकाच भागाची, सुमारे ९ ग्रॅमची. केंद्राशी वजन शून्य होईल.

पाठ्यपुस्तकातला हिशेब बहुधा येथेच थांबतो, पण मला त्यातल्या ‘तीन भागां’पाशी थोडे थांबावेसे वाटते. वरचा थर पृथ्वीच्या सरासरी घनतेचा असेल तरच ते तीन भाग खरे. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे आणि कवचातल्या सामान्य खडकाची जेमतेम पावणेतीन पट. म्हणजे वस्तुमानातली घट दीड भागाचीच होते, दोन भागांची वाढ तिच्यावर मात करते आणि खाली उतरताना वजन चक्क वाढते.

१८५४ साली इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांनी इंग्लंडमधील हार्टनच्या कोळसा खाणीत हे लंबकाने मोजले. ओढ घटली की लंबक मंदावतो आणि वाढली की वेग घेतो. सारख्या घनतेच्या गोलात सुमारे ३८० मीटर खोलीवरचा लंबक वरच्या लंबकापेक्षा दिवसाला अडीच सेकंदांहून थोडा अधिक मागे पडायला हवा होता. प्रत्यक्षात तो सुमारे सव्वादोन सेकंद पुढे गेला.

वरच्या खडकाची घनता सरासरीच्या दोन तृतीयांशापेक्षा अधिक झाली, की हा हिशेब उलटतो. आपल्याकडच्या समृद्ध लोहखनिजाची घनता ही मर्यादा ओलांडते. त्याच्या रुंद, जाड थराखाली उतरणाऱ्याचे वजन खरोखर घटेल. उघड्या खाणीत मात्र डोक्यावरचा थर काढून टाकलेला असतो, त्यामुळे तेथे खड्ड्याचा आकार लक्षात घेऊन वेगळा हिशेब करावा लागतो.