‘दिल्ही’चं दिल्ली करू नका! मोडी कागद उतरवताना मूळ ठेवायचं की सुधारायचं?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली एका काकांनी लिहिलं होतं, “ताई, विषय चांगला, पण स्क्रीनवर शुद्धलेखनाच्या चुका फार. ‘जमीन दिल्ही’ काय? आणि ‘वीठोबा’?” त्यांच्या खाली आणखी बऱ्याच जणांनी “सहमत” लिहून ठेवलंय. काका, त्या चुका नाहीत. मी मुद्दाम तसंच ठेवलंय, आणि का ठेवलंय ते आज सांगते.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती नेमली, तेव्हापासून घरोघरच्या पेट्या उघडल्या आणि जुन्या मोडी कागदांनी माझा इनबॉक्स भरला. मोडीची ओळख करून द्यायला आज थांबत नाही. शिरोरेषा आधी ओढलेली असते, अक्षरं तिला लटकवलेली, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. झालं. अक्षरं शिकायला जुना व्हिडिओ आहे.

आता हा कागद बघा. घरातल्या वाटणीचा आहे. ओळखीच्यांचा म्हणून नावं झाकलीत.

(स्क्रीनवर तीन ओळी)

४ मौजेमजकुरचे जमीनपैकी त्या
५ चे भावानी अर्धी जमीन दिल्ही त्या
६ चा मोबदला रुपये ५३॥ घेतले

शब्द सुटे मी केलेत, कागदावर सलग आहेत. म्हणजे पहिला हस्तक्षेप इथेच झाला, ते कबूल. पण ओळी जिथे तुटल्या तिथेच तोडल्यात. ‘त्याचे’ मधला ‘त्या’ चौथ्या ओळीत राहिला, ‘चे’ पाचवीत गेला. मध्ये आडवी रेघ दिलेली नाही, कारण ती कागदावर नाही.

“ओळी कशाला जपायच्या, सरळ परिच्छेद करा ना,” हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. मग नीट बघा. चौथी ओळ ‘त्या’वर संपते आणि पाचवीही ‘त्या’वरच. उतरवताना मान खाली गेली, पुन्हा वर आली, आणि डोळा चौथ्या ओळीच्या ‘त्या’ऐवजी पाचवीच्या ‘त्या’वर टेकला की तुम्ही काय लिहिता? “मौजे मजकुरचे जमीनपैकी त्याचा मोबदला रुपये ५३॥ घेतले.” वाचा मोठ्याने. बरोबर वाटतं! आख्खी ओळ गेली, भाऊ गेला, अर्धी जमीन गेली, आणि वाक्य मात्र ठणठणीत. परिच्छेद केला असता तर हे तुम्हाला कधीच कळलं नसतं. ओळींना आकडे दिलेत तर शेवटी मोजता येतं: कागदावर अकरा, माझ्याकडे दहा. चला, शोधा.

हे मला कसं कळलं? मी केलं म्हणून. सुरुवातीच्या काळात मामाच्या घरचे चाळीसेक कागद मी झोकात परिच्छेदांत उतरवले, भाषाही ‘स्वच्छ’ केली. दोन वर्षांनी मामेभावाने विचारलं, “हे वाक्य कागदावर कुठंय?” मला सापडेना. चाळीसच्या चाळीस पुन्हा केले.

आता स्पेलिंगकडे येऊ. इथे एक गंमत आहे. मोडीत वेलांटी सर्रास एकच, उकारही एकच. ‘विठोबा’ की ‘वीठोबा’ हे कागद सांगतच नाही! म्हणजे देवनागरीत काहीही लिहा, निवड तुमची. मी सरसकट दुसरी वेलांटी आणि पहिला उकार देते. ही पद्धत पहिल्या पानावर एकदा लिहून ठेवते आणि मग हलत नाही. काका, म्हणून तुमचा ‘वीठोबा’. आपले शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे, नंतर १९७२ मध्ये भर पडली. हा कारकून त्याच्या कितीतरी आधी गेला. त्याला मार्क कापून काय मिळणार?

‘दिल्ही’ म्हणजे ‘दिली’. फोनच्या कीबोर्डने त्याचं ‘दिल्ली’ केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. शेतजमीन थेट राजधानीत! आपोआप दुरुस्ती बंद करा, आत्ताच करा, मी थांबते.

पण ‘दिल्ही’चं निदान हसू तरी येतं. खरा घात ‘भावानी’त आहे. हा एक भाऊ की अनेक? आजही गावाकडे “त्यानी केलं” म्हणजे एकट्याने केलं असं असतं. शिवाय मोडीत अनुस्वार खुशाल गळतात. म्हणजे ‘भावाने’ही असू शकतं, ‘भावांनी’ही. तुम्ही आजच्या शुद्धलेखनाच्या सवयीने एक टिंब दिलंत की घरात भाऊ वाढले. आणि टिंब तुम्ही दिलंत हे वाचणाऱ्याला कळणार नाही. माझं भांडण या गुपचूपपणाशी आहे.

तेच संक्षेपाचं. ‘मु॥’ म्हणजे मुक्काम, ‘रा॥’ म्हणजे राजश्री. सोडवून लिहायला हरकत नाही, पण मु[क्काम] असं लिहा. कंसाबाहेरचं कागदाचं, कंसातलं माझं. आणि ज्याच्यासाठी सगळे विचारतात ते: जन्ममृत्यूच्या नोंदीत जातीच्या रकान्यात नुसतं ‘कु॥’ आहे. कुणबी? कुंभारही ‘कु’नेच सुरू होतो. त्याच वहीत, त्याच हातचं कुठे ‘कुणबी’ पूर्ण लिहिलेलं सापडलं आणि कुंभारासाठी वेगळी खूण दिसली, तर कु[णबी] करा आणि ते पान टिपेत लिहा. नाही सापडलं तर ‘कु॥’च ठेवा. “ताई, तुम्ही आमच्या विरोधात आहात का?” अशीही कमेंट आली होती. नाही हो. उद्या समोरच्याने मूळ पान उघडलं आणि तुमच्या प्रतीत एक शब्द जास्त निघाला, तर बाकीच्या बरोबर ओळींवरही कोणी विश्वास ठेवणार नाही.

तिसऱ्या बाजूने तेच. ५३॥ मधल्या दोन रेघा बघा. अक्षरापुढे त्या आल्या तर संक्षेप, आकड्यापुढे आल्या तर अर्धा. साडेत्रेपन्न रुपये. एक रेघ म्हणजे पाव, तीन म्हणजे पाऊण. एकाने मला पाठवलेल्या प्रतीत हे ‘दंड’ समजून साफ केले होते, रुपये ५३. आठ आणे गुपचूप गेले! मी स्वतःही हुशारी केलीय. सलग लिहिताना ओळ तुटल्याची खूण म्हणून उभी रेघ वापरायचे. एके ठिकाणी ओळ आकड्यावर संपली आणि रक्कम पाव रुपयाने वाढली. तेव्हापासून तिरकी रेघ: त्या/चे.

मग सुधारलेली प्रत करायचीच नाही? करा की. आजीला वाचून दाखवायला, नावं शोधायला तीच लागते. शोधात ‘विठोबा’ टाकल्यावर ‘वीठोबा’ सापडत नाही, ही माझी रोजची डोकेदुखी. फक्त ती दुसऱ्या फाइलमध्ये करा, पहिलीवरून, ओळींचे आकडे समासात ठेवून. पहिलीवरून दुसरी अर्ध्या तासात होते. दुसरीवरून पहिली होत नाही, मामाच्या चाळीस कागदांना विचारा.

आणि भाऊ एक की अनेक? माझ्या पहिल्या प्रतीत ‘भावानी’ आहे, दुसरीत ‘भावा[ने/ंनी]’. दिसायला भयंकर आहे, मान्य. त्याच घराच्या पेटीत आणखी एक गुंडाळी आहे, वाळवी लागलेली. ती उलगडली की बघू, त्यात सह्या किती आहेत ते.