कौशिकाने झाडी का सांगितली?

(बेळगावात एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मित्रहो, पत्रिकेवर विषय फार भारदस्त छापलाय. ‘कर्तव्य की परिणाम : वरिष्ठ विद्यार्थ्यांसाठी सॉक्रेटिक चर्चासत्राचे प्रश्न’. एवढं वाचूनसुद्धा तुम्ही आलात, आणि तेही बाहेर हा असला पाऊस चालू असताना! शेवटच्या रांगेतले आडोशाला आलेत हे मला दिसतंय, पण त्यांचंही स्वागत आहे.

मी एकच उतारा घेणार आहे. कर्णपर्वातला. प्रसंग तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात सांगतो. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर शिबिरात पडलाय. अर्जुन भेटायला येतो. धर्मराजाला वाटतं, हा कर्णाला मारूनच आला. तसं नाही हे कळल्यावर तो भडकतो आणि म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाक. आणि अर्जुनाची तर गुप्त प्रतिज्ञा, असं जो म्हणेल त्याचं डोकं उडवीन. झालं, तलवार उपसली! तिथं कृष्ण त्याला थांबवतो आणि दोन गोष्टी सांगतो. एक बलाक नावाच्या व्याधाची, दुसरी कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाची.

कौशिक गावापासून जवळच, नद्यांच्या संगमावर राहतो. नेहमी खरं बोलायचं हे त्याचं व्रत, आणि सत्यवादी म्हणून त्याची ख्याती. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं तिथल्या रानात शिरतात. मागोमाग दरोडेखोर येतात आणि विचारतात, भगवन्, पुष्कळ माणसं गेली ती कोणत्या वाटेने? सत्याला स्मरून विचारतो आहोत, ठाऊक असेल तर सांगा. कौशिक सांगतो. माणसं मारली जातात. कौशिक नरकात जातो.

आता माझं दुखणं ऐका. हा उतारा मुलांच्या हातात पडतो तो कसा? खाली प्रश्न असतो : ‘या कथेतून आपणास कोणता बोध मिळतो?’ गुण चार. उत्तर गाईडात, तेही मुद्देसूद. मुलगा कथा वाचतच नाही हो! कशाला वाचेल? तो थेट बोधावर जातो, बोध पाठ करतो, पेपरात ओततो आणि सुट्टीत विसरतो. चांगल्या गोष्टीला मारायचं असेल तर तिला बोध विचारा. मी हे शिक्षकांच्या बैठकीत बोललो, तेव्हा एक सन्मित्र म्हणाले, ‘सर, मग पोरांनी लिहायचं काय?’ प्रश्न रास्त होता, पण त्यांना काळजी लिहिण्याची होती आणि मला वाचण्याची.

त्याहून मोठी गंमत तपासणीची. मी मुलांना गोलात बसवून चर्चा घेत होतो, पत्रिकेवरचं सॉक्रेटिक चर्चासत्र ते हेच. असा तास घेताना मास्तरने बोलायचं नसतं. तपासणीला आलेले साहेब मागे येऊन बसले. पाच मिनिटं झाली, दहा झाली, मी आपला कागदावर रेघा मारतोय. शेरा काय मिळाला माहीत आहे? ‘शिक्षकांनी अध्यापन केले नाही.’ (हशा) हसू नका, तो शेरा अजून माझ्या फायलीत आहे. नंतर चहाला साहेब म्हणाले, ‘तरी तो मुलगा झाडीचं काय बोलत होता ते मला पटलं नाही हां.’ म्हणजे साहेबसुद्धा चर्चेत शिरले होते! शेरा मात्र बदलला नाही.

तर ती झाडी. आज मला जे सांगायचंय ते त्या झाडीतच आहे.

कौशिकाचं उत्तर मुळात फक्त ‘ते रानात गेले’ एवढंच नाही. तो म्हणतो, पुष्कळ झाडं, वेली आणि झुडपं असलेल्या या रानात ते शिरलेत. मी मुलांना पहिला प्रश्न टाकला : कौशिकाने झाडं, वेली, झुडपं कशाला सांगितली?

प्रश्न बघा केवढासा. कर्तव्य नाही, परिणाम नाही, नीतिशास्त्र नाही. खानापूरकडचं पीयूसीचं कॉलेज होतं, निम्मी मुलं रानाकडेच्या गावांतली. थोडा वेळ सगळे गप्प. मग एकजण म्हणाला, ‘रानात गेले म्हटलं असतं तर खोटं झालं नसतं की. त्यानं जास्तीचं सांगितलं. खरं बोलतोय हे दाखवायची हौस.’ लगेच समोरची मुलगी म्हणाली, ‘उलट आहे. झाडी दाट आहे, सापडणार नाहीत, जावा परत, असं त्याला म्हणायचं असेल.’ आता झाली का पंचाईत? एकाच ओळीत कौशिक एकदा फुशारकी मारणारा दिसतो, एकदा घाबरत घाबरत माणसांना वाचवू बघणारा. तिसरा एक होता, बोलायला लाजणारा. तो म्हणाला, ‘आमच्याकडं रान म्हटलं तर कुणाला काय कळत नाही, रान सगळीकडंच आहे. वेली-झुडपाचं रान म्हटलं की कुठलं ते कळतंय.’ म्हणजे त्याने पत्ता दिला! अख्खा तास त्या झुडपांत गेला आणि ‘बोध’ हा शब्द कुणाच्या तोंडी आला नाही.

हे का घडलं ते सांगतो. त्या प्रश्नाची तीन उत्तरं मुलांनी दिली आणि तिन्ही त्याच ओळीवर उभी होती. मला स्वतःला उत्तर ठाऊक नव्हतं, आणि मुलांना ते माझ्या तोंडावरून दिसत होतं. मास्तरला उत्तर माहीत आहे असं वाटलं की मुलं विचार सोडून मास्तरचा चेहरा वाचायला लागतात. उलट ‘कर्तव्य मोठं की परिणाम?’ असं सुरुवातीलाच विचारून बघा. लगेच दोन पार्ट्या पडतात आणि उतारा बाजूला राहतो. आपल्या सीमाभागात तर दोन बाजू म्हटल्या की तू कुठल्या बाजूचा एवढंच विचारायची सवय! (हशा)

बरं, चिठ्ठी आली. पंधरा मिनिटं राहिलीत म्हणे, आणि पत्रिकेवरचा विषय तर अजून सुरूच व्हायचाय. भरभर सांगतो.

उतारा एका पानात बसेल एवढाच घ्या आणि ओळींना आकडे घाला. दहा-बारा मुलं आतल्या गोलात बसतील, बाकीची बाहेरच्या. बाहेरच्याने आतल्या एकावर नजर ठेवायची : हा ओळ दाखवतो का, दुसऱ्याचं ऐकून पुढं नेतो का. निम्म्या वेळेनंतर गोल बदलायचे. मास्तरने बोलायचं ते एवढंच : ‘कुठल्या ओळीत?’ शांतता पसरली तर मनात दहापर्यंत मोजा, लगेच मदतीला धावू नका. आणि त्या माझ्या रेघा, ज्यांच्यावर शेरा बसला, त्या अशा : कोण कोणाला उत्तर देतोय त्याची रेघ. सगळ्या रेघा मास्तरकडे येत असतील तर तास फसला. मग तुमचा प्रश्न बदला, पोरांना रागावू नका.

उघडणारा प्रश्न झाडीचा. त्यानंतर गाभ्याचे दोन-तीन पुरेत. मी पहिला हा घेतो : विचारणारे दरोडेखोर आहेत हे कौशिकाला ठाऊक होतं का? गोष्ट सांगणारा त्यांना दरोडेखोर म्हणतो, पण कौशिकाने ओळखलं असं कुठल्या ओळीत आहे? नसेल ठाऊक, तर नरक कशाचा, परिणामाचा? कृष्ण मात्र त्याला तपस्वी म्हणतो आणि बहुश्रुत नाही असंही म्हणतो, म्हणजे दोष अडाणीपणाकडेही जातो. आता शेजारी बलाक ठेवा. त्याने पूर्वी कधी न पाहिलेलं एक आंधळं श्वापद पाणी पिताना मारलं, आणि त्याच्यावर फुलं पडली, तो स्वर्गात गेला. ते श्वापद सगळ्या जिवांचा संहार करायला निघालेलं होतं, पण बलाकाला ते कुठं ठाऊक? अडाणी दोघेही! मग एकाला स्वर्ग आणि एकाला नरक का? इथं मुलं एकमेकांवर तुटून पडतात.

दुसरा प्रश्न कांटचा. कोनिग्सबर्गचा जर्मन तत्त्वज्ञ इमान्युएल कांट. बेंजामिन कॉन्स्टन्ट या फ्रेंच लेखकाने आक्षेप घेतला की खुनी दारात येऊन तुमच्या मित्राचा ठावठिकाणा विचारील तेव्हाही खरं बोला म्हणणं म्हणजे अतिरेक आहे. कांटने १७९७ मध्ये छोट्या निबंधातून उत्तर दिलं : तरीही खोटं बोलायचा हक्क नाही. वर म्हणतो, समजा ‘तो घरात नाही’ असं खोटं तुम्ही बोललात, तेवढ्यात मित्र खरोखरच मागून निसटला होता, आणि परत फिरलेल्या खुन्याला तो रस्त्यात सापडला, तर त्या मरणाचा जाब तुम्हाला विचारता येईल. खरं बोलला असता तर तो जाब विचारता आला नसता. मुलं इथं हमखास पकडतात : ‘सर, हा पण परिणामच मोजतोय की!’ त्यांना उत्तर देऊ नका. कांट परिणाम मोजतोय, की परिणाम आपल्या हातात नसतो एवढंच दाखवतोय, हे कुठल्या वाक्यावरून ठरवाल, असं विचारा.

आणि दोन्ही उतारे शेजारी ठेवून एवढं शोधायला लावा. कृष्ण आधी काय म्हणतो? न बोलता सुटका होत असेल तर मुळीच बोलू नये. बोलणं भागच पडलं, किंवा गप्प बसल्याने संशय येणार असेल, तर तिथं खोटं बरं. कांटसुद्धा म्हणतो ते टाळता न येणाऱ्या विधानांबद्दल. म्हणजे मौनापर्यंत दोघे एकाच वाटेने येतात, फाटा त्याच्या पुढे फुटतो. मुलांची चर्चा मात्र बहुधा फाट्यापासूनच सुरू होते. म्हणून विचारायचं : कौशिकाला गप्प बसता आलं असतं का? ते तर ‘सत्याला स्मरून’ विचारत होते आणि तो तर सत्यवादी म्हणून नावाजलेला. गप्प बसला असता तर संशय आला असता का? मौनाला दोन्ही उताऱ्यांत जागा आहे हे कळल्यावर पहिल्या गोलातल्या पार्ट्या फुटतात. झाडीवाली मुलगी आणि तो फुशारकीवाला एका बाजूला आलेले मी पाहिलेत.

शेवटचा प्रश्न मुलांच्या घरातला चालतो, पण तो शेवटीच. आजीचं आजारपण तिच्यापासून लपवायचं का, असा. पहिल्यांदा विचारलात तर तास आजीवरच संपतो.

उताऱ्याचा पुढचा भाग, म्हणजे अर्जुनाने धर्मराजाला ‘तू’ म्हणून अपमान करायचा आणि त्यालाच वध समजायचं ही कृष्णाची तोड, तो दुसऱ्या दिवसासाठी राखा. परिणामच मोठा असेल तर सरळ प्रतिज्ञा मोड असं कृष्ण का म्हणत नाही, हा प्रश्न एका तासात मावत नाही.

गुणांचं विचारलंय समोरून कुणीतरी. गुण दोन गोष्टींना : ओळ दाखवली का, आणि दुसऱ्याच्या म्हणण्याला उत्तर दिलं का. बाजू कोणती घेतली याला नाही. ओळींचे आकडे घातलेले दोन्ही उतारे ग्रंथपालांकडे ठेवलेत, झेरॉक्स काढून न्या. घंटा झाली, बसतो.