कांदा-लसणातलं पाणी

(दृश्य: सांगलीजवळची कुपवाड औद्योगिक वसाहत. नवीन शेड. दारात मिरचीची पोती उतरवून घेतली जातायत.)

इथल्या एका मसाला कंपनीनं नवीन उत्पादन विभाग सुरू केलाय. कंपनीच्या प्रसिद्धीपत्रकात उत्पादन क्षमता ठळक अक्षरात आहे, रोजगाराचा उल्लेख आहे आणि 'अत्याधुनिक' हा शब्द तर दोनदा आलाय. त्यातली एक गोष्ट मात्र खाली, घाईघाईत उरकल्यासारखी येते: मिरचीसाठी थंड दळण आणि कांदा-लसणासाठी वेगळी वाळवण. आमच्या मते बातमी तीच आहे.

(दृश्य: डंक. लोखंडी मुसळं वर-खाली होतायत.)

सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात उन्हाळा आला की डंकावर गर्दी होते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, ज्याला झोंबायला हवं त्यानं लवंगी घ्यावी. सोबत भाजलेले धणे, तीळ, सुकं खोबरं आणि तेलात परतलेला कांदा-लसूण. घरी बरणीत तो मसाला वर्षभर चालतो, कारण बरणी रोज उघडते आणि काही बिघडलं तर लगेच कळतं. बंद पाकिटाला ही सोय नाही. ते दुकानात महिनोन्‌महिने पडून असतं.

(दृश्य: पल्व्हरायझर. भोवतीच्या नळ्यांवर साचलेले पाण्याचे थेंब.)

डंकावर हळूहळू कुटलं जातं, म्हणून तिखट फार तापत नाही. पल्व्हरायझरमधले हातोडे वेगानं फिरतात आणि घर्षणानं मिरची तापते. तापली की तिच्यातलं वासाचं तेल उडून जातं. शेडमध्ये खमंग वास दरवळतो तेव्हा पाहुणे खूश होतात, पण तो वास पाकिटात जायला हवा होता. नव्या यंत्राच्या दळणकोठीभोवती थंड पाणी फिरतं, ते यासाठी.

तरीही पूड थोडी कोमट बाहेर पडते. ती तशीच पाकिटात भरली तर वाफ आतल्या बाजूला धरते आणि चार-आठ दिवसांत पाकिटाच्या वरच्या कोपऱ्यात गुठळ्या होतात. म्हणून इथे पूड आधी ट्रेमध्ये पसरून निववतात, मग भरतात. यात वेळ जातो, जागाही अडते. पत्रकातला क्षमतेचा आकडा गाठायची घाई झाली की पहिली कात्री इथंच लागते.

(दृश्य: ड्रायर. जाळीच्या ट्रेवर कांद्याच्या चकत्या.)

आता कांदा. शंभर किलो मसाल्यासाठी वीस किलो कच्चा कांदा घेतला असं धरू. त्यात सुमारे ८६ टक्के पाणीच, म्हणजे १७ किलोंहून जास्त. कोरडा ऐवज उरतो जेमतेम २.८ किलो. ओलावा ५ टक्क्यांवर आणला तर ड्रायरमधून साधारण तीन किलो कांदा निघतो. २० टक्क्यांवरच काढला तर साडेतीन किलो.

फरक अर्ध्या किलो पाण्याचा. शंभर किलोत तो अर्धा टक्का होतो, आणि मिश्र मसाल्याच्या पुडीत नियमानं १० टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. त्यामुळे तयार मसाल्याचा नमुना प्रयोगशाळेत पास होऊ शकतो. पण पाणी सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. ते कांद्याच्या तुकड्यांत बसलेलं असतं, आणि कांद्यातली साखर मुळातच ओल धरून ठेवणारी. तुकड्याभोवतीची मिरची ओलसर होते, मसाला गोळा धरतो, कधी बुरशीही येते. म्हणून तपासायचं ते मिसळण्याआधी. इथली ट्रे-पाळीतली बाई चकती हातात घेऊन मोडते. कट्कन तुटली तर पुढे, चामड्यासारखी वाकली तर परत ड्रायरमध्ये. मोजायचं यंत्र बाजूला आहेच, पण प्रत्येक ट्रेला ते लावणार कोण?

लसणाचं दुखणं वेगळं. त्याचा झणका कापल्यावर, ठेचल्यावर तयार होतो आणि तो घडवणारं द्रव्य जास्त उष्णतेत निकामी होतं. लवकर वाळावा म्हणून आच वाढवली तर लसूण कोरडा होतो खरा, पण मिळमिळीत. म्हणून ड्रायर साठ अंशांच्या आसपास ठेवतात आणि वाट बघतात.

(दृश्य: पोतं उघडून मिरची मधोमध चिरली जातेय.)

या नव्या विभागाला एक गोष्ट मात्र जमणार नाही. ओल्या जमिनीवर वाळवलेल्या मिरचीत बुरशी शिरली की अफलाटॉक्सिन हे विष तयार होऊ शकतं. मसाल्यात त्याची मर्यादा किलोला ३० मायक्रोग्रॅम. ते भाजून पूर्ण जात नाही, थंड दळणानं तर मुळीच नाही. वरून लालभडक दिसणारी मिरची आत बियांपाशी काळी निघते. त्यावर उपाय एकच: पोतं दारातूनच परत पाठवायचं. त्या दिवशी यंत्र रिकामं बसलं तरी चालेल, हे कोण ठरवणार, ते पत्रकात कुठेच लिहिलेलं नाही. आम्ही विचारलं तेव्हा खरेदी विभागातल्या माणसानं चिरलेली मिरची पुढं केली आणि शेजारच्या, परत जायच्या पोत्यांकडे बोट दाखवलं.