प्रीसेट तोच, मग माझे फोटो वेगळे का दिसतात?

"ताई, प्रीसेट द्या ना." मागच्या व्हिडिओखाली निम्म्या कमेंट्स याच आहेत. दिलाय, खाली लिंक आहे. पण तासाभरात तुम्हीच परत येणार, "माझ्या फोटोंवर घाण दिसतोय" म्हणत. तर आज तेवढंच बोलूया.

या प्रीसेटमध्ये आहे स्प्लिट टोनिंग, म्हणजे शॅडोजना एक रंग, हायलाइट्सना दुसरा. लाइटरूममध्ये 2020पासून ते कलर ग्रेडिंगच्या चाकांत गेलंय. झालं, पुढे.

माझी पावसाळी मुंबईची सिरीज घ्या. पहाटेचा ससून डॉक: शॅडोजला ह्यू 215, सॅच्युरेशन 14. हायलाइट्सला ह्यू 42, सॅच्युरेशन 10. ओला धक्का निळसर, बर्फाच्या ढिगावर किंचित ऊब. मी खूश! तेच सीएसएमटीच्या फोटोवर सिंक केलं आणि अख्खं स्टेशन पिवळंधमक. मग काय, दुपारभर ह्यू फिरवत बसले. चहा दोनदा गार झाला. आणि दोष ह्यूचा नव्हताच!

हा रंग फोटोत आधी असलेल्या रंगावर चढतो. दिवे मुळातच पिवळे, त्यावर मी आणखी ऊब ओतली. म्हणून टोनिंग बंद करा आणि आधी व्हाइट बॅलन्स जुळवा. माझ्या फोटोत एका डबेवाल्याची पांढरी टोपी होती. ती पांढरी दिसेपर्यंत टेम्परेचर खाली आणलं, मग टोनिंग चालू केलं. ह्यू तोच, 42.

आता मरीन ड्राइव्ह. तिथे व्हाइट बॅलन्स ठीक होता, तरी फोटो डॉकच्या भावंडासारखा दिसेना. कारण दोन तृतीयांश फ्रेम म्हणजे ढगाळ, उजळ आभाळ. सगळी ऊब त्यालाच लागली, निळ्याला जागाच उरली नाही. इथे कलर ग्रेडिंगमधला बॅलन्सचा स्लायडर उणे 30 केला, म्हणजे मधल्या उजेडाचा भागही शॅडोजच्या रंगाकडे झुकतो. ह्यूला हात लावला का? नाही.

आणि डॉकवरच्या मावशींचा क्लोज-अप, टोपलीच्या सावलीत चेहरा. 14च्या निळ्याने कातडी राखाडी, आजारी दिसायला लागली. सॅच्युरेशन 7 केलं. ह्यू? तुम्हीच सांगा! एकाने लिहिलंय, "मी प्रत्येक फोटोला नवा ह्यू निवडतो." अरे बाबा, मग सिरीज कशाला म्हणतोस?

तपासायला सगळे फोटो निवडून N दाबा. एकत्र दिसतील. आता खुर्ची मागे सरकवा, डोळे बारीक करा. जो फोटो आधी नजरेत घुसतो, तो चुकलेला.

माझा कुठला घुसला? दादरच्या फुलबाजारातला झेंडू. तो एवढा केशरी की शॅडोजमधलं निळं त्याच्यापुढे दिसेचना. दोन दिवस झगडले आणि शेवटी सिरीजमधून काढून टाकला. भांडायचं असेल तर भांडा कमेंटमध्ये.